किट अर्धवट सोडलं, शौचाची टेस्ट निगेटिव्ह, पण दुखणं परत सुरू. एच. पायलोरी गेला की नाही?

तासगाव_बागाईत | 5 फेब्रुवारी, सकाळी 8:40

मंडळी, वडिलांबद्दल विचारायचं आहे. वय 58, द्राक्षबागेतलं काम. डिसेंबरपासून रात्री दोन-अडीचला पोटाच्या वरच्या भागात दुखून जाग यायची, चार घास खाल्ले की थांबायचं. 6 जानेवारीला मिरजेत दुर्बिणीने तपासलं. लहान आतड्याच्या सुरुवातीला 8 मिमीचा अल्सर, तळ स्वच्छ, रक्तस्राव नाही, आणि खाली 'रॅपिड युरिएज पॉझिटिव्ह', म्हणजे जठरात एच. पायलोरी हा जंतू आहे, असा रिपोर्ट आला. 7 तारखेपासून 14 दिवसांचं किट दिलं: पँटोप्राझोल 40, क्लॅरिथ्रोमायसिन 500, अमॉक्सिसिलिन 1 ग्रॅम, तिन्ही सकाळ-संध्याकाळ.

नवव्या दिवसापर्यंत तोंड कडू आणि जुलाब, म्हणून वडिलांनी किट थांबवलं. शेवटचा डोस 15 जानेवारीचा. पँटोप्राझोल मात्र अजून रोज सकाळी एक घेतात. 27 तारखेला शौचाची अँटिजेन टेस्ट केली, निगेटिव्ह आली. सगळे म्हणाले, सुटलो. पण चार दिवसांपासून रात्रीचं दुखणं पुन्हा सुरू झालंय. गुडघ्यासाठी ते मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून घेतात, काढणीच्या दिवसांत जवळजवळ रोज.

जंतू गेला का? आणि गेला असेल तर दुखतंय कशानं?

आटपाडी_एक्सप्रेस | सकाळी 9:15

शौचाच्या टेस्टवर विसंबू नका. पँटोप्राझोल चालू असताना ती फसते. रक्तातली अँटिबॉडी टेस्ट करा, तिच्यावर गोळ्यांचा काही परिणाम होत नाही. ती निगेटिव्ह आली की जंतू गेला समजायचं.

स्लाइडघर | सकाळी 9:50

आटपाडीकर, पहिलं वाक्य बरोबर, पुढचा सल्ला मात्र इथे चालणार नाही. अँटिबॉडी म्हणजे शरीराने जंतूविरुद्ध तयार केलेलं शस्त्र. जंतू मेल्यावर ते लगेच मोडीत निघत नाही, कित्येक महिने, काहींच्या रक्तात तर वर्षानुवर्षं राहतं. त्यामुळे वडिलांची रक्ताची टेस्ट आज केली तर ती जवळजवळ नक्की पॉझिटिव्ह येईल, जंतू असो वा नसो. उपचार लागू पडला का हे बघायला ही टेस्ट वापरायची नाही. तरीही ती लिहून दिली जाते, आणि त्या एका कागदावर लोक दुसऱ्यांदा अँटिबायोटिक घेतात, याचं वाईट वाटतं.

आता 27 तारखेच्या निगेटिव्हकडे येऊ. शौचाच्या टेस्टमध्ये आम्ही जंतूचे प्रथिनांचे तुकडे शोधतो. ते ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असले तरच रेघ उमटते. अँटिबायोटिक नुकतं संपलेलं असतं तेव्हा जंतू पार मेलेले नसले तरी संख्येने फार कमी झालेले असतात. त्यांना परत वाढायला वेळ लागतो. म्हणून शेवटच्या अँटिबायोटिक डोसनंतर निदान चार आठवडे थांबायचं असतं. तुमच्याकडे 15 ते 27 म्हणजे बाराच दिवस होतात.

दुसरं, पँटोप्राझोल चालू होतं. आम्ल कमी झालं की हे जंतू जठराच्या खालच्या भागातून वर सरकतात आणि एकूण कमी होतात. म्हणून ती गोळी टेस्टच्या आधी दोन आठवडे बंद हवी. दोन्ही गोष्टी टेस्टला एकाच दिशेने फसवतात, खोट्या निगेटिव्हकडे. पँटोप्राझोल चालू असताना टेस्ट पॉझिटिव्ह आली असती तर मी विश्वास ठेवला असता. निगेटिव्हवर ठेवत नाही.

नमुना कसा दिला होता? आणि जुलाब तेव्हा थांबले होते का?

तासगाव_बागाईत | सकाळी 10:30

सकाळी सातला डबीत घेतला, मी कामावर जाताना लॅबमध्ये दिला, तोवर दुपार झाली होती. डबी गाडीच्या डिकीत होती. जुलाब थोडे होते, पातळच होतं.

स्लाइडघर | सकाळी 10:45

मग अजून दोन कारणं मिळाली. उन्हात तापलेल्या डिकीत अँटिजेन टिकत नाही. आणि पाण्यासारख्या शौचात ते पातळ होऊन जातं, रेघ उमटायला लागतं तेवढं उरत नाही. त्या रिपोर्टला हो किंवा नाही असं उत्तर समजू नका. ती टेस्ट झालीच नाही असं धरा.

6 जानेवारीचा पॉझिटिव्ह मात्र पक्का. त्या तपासणीत जठराच्या अस्तराचा बारीक तुकडा युरिया असलेल्या पिवळ्या जेलमध्ये टाकतात. या जंतूकडे युरिएज नावाचं एन्झाइम भरपूर असतं. त्याने युरियाचा अमोनिया होतो आणि जेल गुलाबी पडते. ती 24 तासांच्या आत वाचायची, त्यानंतरचा गुलाबी रंग इतर जंतूंमुळेही येऊ शकतो. हेच एन्झाइम जंतूला जठराच्या आम्लात जगवतं, तो स्वतःभोवती अमोनियाचं कवच करून राहतो.

वाई_घाटमाथा | सकाळी 11:20

मलाही पाच वर्षं पित्ताचा त्रास आहे, रोज उपाशीपोटी पँटोप्राझोल घेते. दुर्बिणीत फक्त 'सौम्य गॅस्ट्रायटिस' आलं. या किटने माझं पित्त कायमचं जाईल का? मेडिकलमधून आणून घेऊ का?

मेडिकल_विटा | सकाळी 11:40

ताई, किट पित्ताचं औषध नाही. त्यात दोन अँटिबायोटिक्स आहेत. जंतू आहे हे टेस्टने सिद्ध झाल्याशिवाय घेऊ नका. तुमच्या दुर्बिणीच्या रिपोर्टमध्ये युरिएज किंवा बायोप्सीचं काही लिहिलंय का ते आधी बघा. नसेल तर डॉक्टरांना विचारून, पँटोप्राझोल दोन आठवडे थांबवून टेस्ट. छातीत जळजळ आणि आंबट ढेकर एवढाच त्रास असेल तर जंतू मारूनही तो जाईल असं नाही.

कृष्णाकाठ_पोटविकार | दुपारी 1:10

आता मूळ प्रश्न. अल्सर कसा झाला हे आधी बघू, म्हणजे पुढचं का करायचं ते कळेल.

रात्री दुखून जाग येणं आणि खाल्ल्यावर थांबणं हे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या अल्सरचं नेहमीचं लक्षण. पण जंतू राहतो जठरात, मग जखम पुढे आतड्यात कशी? जठराच्या शेवटच्या भागात जंतूंनी सूज आणली की तिथला आम्लाचा ब्रेक ढिला पडतो. आम्ल रोखणारं सोमॅटोस्टॅटिन कमी होतं, आम्ल वाढवणारं गॅस्ट्रिन वाढतं, आणि वरचा निरोगी भाग गरजेपेक्षा जास्त आम्ल सोडू लागतो. जास्तीचं आम्ल सतत आतड्यात उतरलं की तिथलं अस्तर स्वतःला वाचवायला जठरासारखं बनतं. असं बनलं की जंतूलाही तिथे घर मिळतं. मग सूज आणि आम्ल दोन्ही एकाच जागी येतात आणि जखम होते. नुसती पँटोप्राझोल दिली तर जखम भरते, पण ब्रेक ढिलाच राहतो, म्हणून गोळी थांबवल्यावर बहुतेकांना वर्षभरात अल्सर परत येतो. जंतू गेला की परत येण्याचं प्रमाण फारच खाली येतं. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना 2005 चं नोबेल या जंतूच्या शोधासाठी आणि अल्सरशी त्याचं नातं दाखवल्याबद्दलच मिळालं.

बाधा झालेल्या प्रत्येकाला अल्सर होत नाही. आपल्याकडे मोठ्या माणसांत ही बाधा फार सर्रास आहे, पण अल्सर त्यातल्या थोड्यांनाच होतो. तुमच्या वडिलांना झाला त्यात डायक्लोफेनॅकचाही वाटा असू शकतो. त्या गोळीने अस्तराचं संरक्षण करणारे प्रोस्टाग्लँडिन कमी होतात. हे रक्तातून घडतं, म्हणून इंजेक्शन घेतलं किंवा जेवणानंतर गोळी घेतली तरी धोका टळत नाही. जंतू आणि डायक्लोफेनॅक दोन्ही असतील तर धोका एकट्यापेक्षा बराच वाढतो.

तेव्हा आज दुखतंय त्याची तीन कारणं संभवतात: जंतू राहिला, डायक्लोफेनॅक चालूच आहे, किंवा जखम अजून पुरती भरलेली नाही. तिन्ही एकत्रही असू शकतात. डायक्लोफेनॅक आजच बंद. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल घेता येईल, मात्रा डॉक्टरांना विचारून. मेडिकलमध्ये 'दुखण्याची गोळी' एवढंच मागितलं तर आयबुप्रोफेन किंवा असेक्लोफेनॅक हातात पडेल, तीही याच जातीची.

मेडिकल_विटा | दुपारी 1:35

डॉक्टर, एक शंका. एकाच जंतूला दोन अँटिबायोटिक्स कशाला, हे मला रोज विचारतात. 'एकच द्या, पोट बिघडतं' म्हणतात. थोडक्यात काय सांगू?

कृष्णाकाठ_पोटविकार | दुपारी 2:20

थोडक्यात असं सांगा: एकटं अँटिबायोटिक जंतूला मारतं पण संपवत नाही, आणि वर उरलेल्यांना निबर करून सोडतं. का ते पुढे लिहितो.

हा जंतू जठराच्या चिकट श्लेष्मात खाली अस्तराला चिकटून राहतो. तिथपर्यंत औषध वरूनही कमी पोचतं आणि रक्तातूनही. शिवाय आम्लात तो नुसता टिकून राहतो, फारसा वाढत नाही. अमॉक्सिसिलिन तर वाढत असलेल्या जंतूची भिंत मोडतं. जो वाढतच नाही त्याला ते काय करणार? क्लॅरिथ्रोमायसिन आम्लात स्वतःच खराब होतं. म्हणून किटमधलं पँटोप्राझोल दुखणं थांबवण्यासाठी आहे असं समजू नका. आम्ल इतकं कमी करायचं की पीएच सहाच्या आसपास किंवा वर जाईल, जंतू वाढायला लागतील, आणि मग अँटिबायोटिक त्यांना गाठेल. म्हणूनच ती गोळी दिवसातून दोनदा, जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी. पेशंट ती सोडून फक्त कॅप्सूल घेतो तेव्हा अर्धा उपचार वाया जातो.

आता दोन अँटिबायोटिक्सचं गणित. जठरात कोट्यवधी जंतू असतात. त्यात एखाददुसरा असा असतोच ज्याच्या रायबोसोममध्ये, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेत, नेमक्या जागी एक अक्षर बदललेलं असतं आणि क्लॅरिथ्रोमायसिन त्याला चिकटतच नाही. एकटं क्लॅरिथ्रोमायसिन दिलं तर बाकी सगळे मरतात, तो उरतो, आणि महिनाभरात त्याचीच पिढी जठर भरून टाकते. सोबत अमॉक्सिसिलिन असलं की तो त्याने मरतो. दोन्हींना दाद न देणारा एकच जंतू आपोआप सापडणं अतिशय दुर्मिळ. पण दोन्ही औषधं एकाच वेळी, पुऱ्या दिवसांसाठी, पोटात असतील तरच हे खरं.

इथेच तुमच्या वडिलांचं नववा दिवस गाठून थांबणं महत्त्वाचं ठरतं. वाढीचा वेग कमी असलेले, श्लेष्मात खोल असलेले जंतू शेवटी मरतात. सात-दहा दिवसांपेक्षा 14 दिवसांत यश जास्त मिळतं ते याच कारणाने.

मेडिकल_विटा | दुपारी 2:50

बरोबर. बरं, माझ्याकडून एक: कडू तोंड क्लॅरिथ्रोमायसिनने येतं, औषध संपल्यावर जातं. घाबरून सोडण्याचं कारण नाही. जुलाब जास्तीचे असतील, रक्त असेल, ताप असेल तर मात्र डॉक्टरांना लगेच सांगायचं. आणि वडिलांना कोलेस्टेरॉलची गोळी आहे का हे पुढच्या वेळी आधी सांगा. क्लॅरिथ्रोमायसिनसोबत अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिन किंवा सिम्व्हास्टॅटिन असेल तर रक्तातलं प्रमाण वाढून स्नायू दुखू शकतात, डॉक्टर तेवढे दिवस ती थांबवतात.

कराडचा_पाटील | दुपारी 3:30

मग आता उरलेले पाच दिवस घेऊन कोर्स पुरा केला तर होईल ना? किट शिल्लक असेलच.

कृष्णाकाठ_पोटविकार | दुपारी 3:50

नाही. मधला तीन आठवड्यांचा खंड पुसता येत नाही. उरलेले पाच दिवस घेतले तर तो अर्धवट कोर्स पुरा होत नाही, दुसरा अर्धवट कोर्स होतो, आणि निबर जंतूंना दुसरी संधी मिळते. शिल्लक किट घेऊ नका, घरी कुणालाही देऊ नका.

आधी टेस्ट. तासगावकर, तारखा अशा: शेवटचं अँटिबायोटिक 15 जानेवारी, त्याचे चार आठवडे 12 फेब्रुवारीला होतात. पँटोप्राझोल उद्या, 6 तारखेपासून थांबवली तर दोन आठवडे 20 तारखेला पुरे होतात. म्हणून 20 फेब्रुवारी किंवा नंतर. मधल्या काळात जळजळीला साधं अँटासिड जेल चालतं. फॅमोटिडीनही घेता येतं, ब्रेथ टेस्ट करणार असाल तर आदल्या दिवशी थांबवायचं.

मात्र पँटोप्राझोल थांबवण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, इथल्या शब्दावर थांबवू नका. दुखणं परत आलंय, जखम पुरती भरली नसेल तर त्यांना दुसरा मार्ग घ्यावासा वाटेल. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तर नक्कीच. डांबरासारखं काळं शौच, कॉफीसारखी उलटी, चक्कर, किंवा एकदम पोट कडक होऊन दुखलं तर टेस्टची वाट न बघता रात्री असो वा दिवस, हॉस्पिटल गाठा.

स्लाइडघर | संध्याकाळी 5:05

टेस्ट कोणती? शौचाची चालेल, नीट केली तर. श्वासाची मिळत असेल तर तीही उत्तम, फक्त आधी फोन करून मशीन चालू आहे का विचारा. त्यात सहा तास उपाशी राहून युरिया घ्यावा लागतो. जंतू असेल तर तो युरिया फोडतो आणि त्यातला खूण केलेला कार्बन श्वासात बाहेर येतो. कार्बन-14 ची कॅप्सूल असेल तर दहा-पंधरा मिनिटांनी फुंकायला सांगतात. कार्बन-13 चा प्रकार असेल तर युरिया घेण्याआधी एक आणि साधारण अर्ध्या तासाने एक, अशा दोन पिशव्या फुंकून घेतात. कार्बन-14 मध्ये किरणोत्सर्ग अगदी थोडा असतो, गरोदर बाईला तो देत नाहीत.

तासगाव_बागाईत | संध्याकाळी 7:20

सगळ्यांचे आभार. दुपारी मिरजेला डॉक्टरांशी बोललो. पँटोप्राझोल थांबवायला हो म्हणाले, डायक्लोफेनॅक बंद केलं. रक्त पातळ करणारी गोळी नाही, काळं शौच झालेलं नाही. 20 तारखेला टेस्ट करू. पॉझिटिव्ह आली तर हेच किट परत का? आणि आईला टेस्ट करायची का? तिला काहीच त्रास नाही.

कृष्णाकाठ_पोटविकार | रात्री 8:30

हेच किट परत नको. एकदा क्लॅरिथ्रोमायसिन पोटात गेलं आणि जंतू उरला, तर तो आता त्याला दाद देत नाही असंच धरून चालतो. पुढचा पर्याय बहुधा चार औषधांचा: आम्ल कमी करणारी गोळी दोनदा, बिस्मथ, टेट्रासायक्लिन 500 दिवसातून चारदा, मेट्रोनिडाझोल दिवसातून तीन ते चारदा, 14 दिवस. आपल्याकडे जुलाब झाले की मेट्रोनिडाझोल घ्यायची सवय असल्याने त्याला दाद न देणारे जंतू पुष्कळ आहेत. पण बिस्मथसोबत, पुऱ्या मात्रेत आणि पुऱ्या दिवसांसाठी दिलं तर ती अडचण बऱ्याच अंशी ओलांडता येते. अमॉक्सिसिलिनला दाद न देणारे मात्र अजून कमीच आढळतात. नेमकं कोणतं द्यायचं ते तुमचे डॉक्टर ठरवतील.

आईबद्दल माझं मत: लक्षणं नाहीत, घरात जठराच्या कर्करोगाचा इतिहास नाही, तर आत्ता टेस्ट नको.

स्लाइडघर | रात्री 8:50

इथे माझं मत वेगळं. जठराच्या कर्करोगाच्या कारणांत या जंतूची गणना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1994 मध्येच केली आहे, आणि एका घरात तो एकमेकांना लागतो. वडिलांवर एवढा खर्च करायचा आणि आईमध्ये तो तसाच ठेवायचा, हे मला पटत नाही. निदान एक शौचाची टेस्ट करावी.

कृष्णाकाठ_पोटविकार | रात्री 9:05

लागण बहुतेक वेळा लहानपणी होते, मोठ्या वयात नवरा-बायकोत परत लागण्याचं प्रमाण तितकं मोठं नाही. आणि आपल्याकडे निम्म्याहून जास्त मोठी माणसं बाधित असताना लक्षणं नसलेल्या प्रत्येकाला अँटिबायोटिक दिलं तर उद्या ज्याला खरंच गरज आहे त्याला औषध उरणार नाही. पण आईला कधी त्रास झाला, वजन घटलं, रक्त कमी झालं, तर थांबू नका, मी लगेच टेस्ट सांगेन.

मेडिकल_विटा | रात्री 9:30

चार औषधांचं सांगितलं तर माझ्याकडून तीन गोष्टी. टेट्रासायक्लिन कॅप्सूल सगळ्या दुकानांत नसते, चिठ्ठी मिळाली की आधी फोनवर विचारा, आणि 'डॉक्सीसायक्लिन घ्या, तीच आहे' असं कुणी म्हटलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका, ती तितकी चालत नाही. टेट्रासायक्लिन दूध, दही, लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी, अँटासिड यांच्यासोबत नको, दोन तासांचं अंतर ठेवा. आणि बिस्मथने शौच व जीभ काळी पडते, ते रक्त नव्हे. फरक असा की रक्ताचं काळं शौच चिकट, डांबरासारखं आणि घाण वासाचं असतं. शंका आली तर मात्र तपासूनच घ्या.

मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू पूर्ण बंद, संपल्यावरही तीन दिवस.

स्लाइडघर | रात्री 9:45

20 तारखेसाठी: डबी लॅबकडूनच घ्या. घट्ट झाकणाची, कोरडी, लघवी किंवा साबणाचं पाणी न लागलेली. एक चमचाभर नमुना पुरे. जुलाब चालू असतील तर ते थांबल्यावर काही दिवसांनी द्या. घरातून लॅबला जायला वेळ लागणार असेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि बर्फाच्या पिशवीसोबत न्या. गाडीच्या डिकीत नको. चिठ्ठीवर 'उपचारानंतर' असं लिहा, शेवटचा डोस 15 जानेवारी आणि पँटोप्राझोल 6 तारखेपासून बंद हेही लिहा. ते आम्हाला कळलं की निगेटिव्ह वाचताना आम्ही निर्धास्त असतो.

तासगाव_बागाईत | रात्री 10:10

लिहून घेतलं. आईचं उद्या डॉक्टरांनाच विचारतो, तुम्हा दोघांची मतं सांगून.